F8 दाबलं आणि नेट गेलं

सोयाबीनचा हंगाम आहे. हिमायतनगरच्या एखाद्या आडत दुकानात नवा लॅपटॉप आलाय. मुनीम सवयीनं टॅलीत विक्रीचं व्हाउचर उघडायला F8 दाबतो. व्हाउचर उघडत नाही, उलट कोपऱ्यात विमानाचं चित्र येतं आणि वायफाय बंद पडतं. पेमेंटसाठी F5 दाबावं तर स्क्रीन अंधारते. टॅली बिघडली असं वाटून कुणाला तरी फोन जातो. टॅलीत मात्र काहीच बिघडलेलं नसतं.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वरच्या ओळीतल्या बटणांना दोन कामं असतात. एक F1 ते F12 चं जुनं काम, दुसरं बटणावर छापलेल्या चित्राचं: आवाज, उजेड, विमान मोड. कंपन्या चित्राचं काम पहिलं ठेवतात, कारण घरी सिनेमा बघणाऱ्याला तेच लागतं. हिशेब लिहिणाऱ्याला मात्र F4 ते F9 दिवसभर लागतात, आणि दर वेळी Fn सोबत दाबायचं म्हटलं की एका हाताचं काम दोन हातांवर जातं.

दोष टॅलीत की बटणात, हे ओळखायला Fn धरून F8 दाबून बघा. व्हाउचर उघडलं तर बटणांचा क्रम उलटा आहे, एवढंच. यूएसबीचा साधा कीबोर्ड लावला तर त्यावरचं F8 बहुधा सरळ चालतं, तीही खूण आहे.

आता क्रम फिरवायचा. Esc बटणावर कुलूप किंवा FnLock लिहिलेलं दिसलं तर Fn धरून Esc एकदा दाबा. लेनोव्हो आणि डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर एवढंच पुरतं. काहींवर बटणात बारीक दिवाही लागतो. मग F8 पुन्हा दाबून खात्री करा. पुन्हा Fn आणि Esc दाबलं की जुना क्रम परत येतो. म्हणूनच कधी कधी चुकून हात लागून सगळं उलटतं आणि कारण सापडत नाही.

एचपीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलवर हे कुलूप नसतं. तिथं लॅपटॉप बंद करून चालू करताना Esc वारंवार दाबायचं आणि मेनू आला की F10. System Configuration खाली Action Keys Mode सापडतं. ते Disabled करून F10 नं जतन करायचं. तिथल्या बाकी कशालाही हात लावू नका. मेनू वेगळा दिसला तर ते नाव शोधा, अंदाजानं काही बदलू नका.

विंडोजच्या सेटिंगमध्ये याचा सर्वसाधारण स्विच नाही, म्हणून तिथं शोधण्यात वेळ जातो. Fn चा हिशेब बहुतेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड सांभाळणारी चिपच करते. Fn दाबल्याचं विंडोजपर्यंत सहसा पोचतच नाही. त्यामुळे विंडोज नव्यानं टाकूनही हा क्रम बदलत नाही, तसं करण्याचा सल्ला कुणी पैसे घेऊन दिला तर नको म्हणा.

क्रम फिरवल्यावर आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला मात्र Fn धरावं लागेल.