तिकिटावर V, पासपोर्टवर W

वाघमारे हे आडनाव इंग्रजीत W ने लिहायचं की V ने, यावर एकाच घरात दोन मतं सापडतात. आधार कार्डावर एक, बँकेत दुसरं. परदेशाचं तिकीट काढताना मात्र पासपोर्टवर छापलेलं स्पेलिंग तेवढंच खरं. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो, कारण एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्टऐवजी आधारचा फोटो जातो.

समजा, पासपोर्टवर आडनाव WAGHMARE आहे आणि नावाच्या रकान्यात SAVITA RAMESH. मराठी पासपोर्टांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा असंच पहिल्या नावाला जोडून येतं. तिकीट आलं VAGHMARE/SAVITA MRS. यात फरक दोन आहेत, पण दोन्ही सारखे गंभीर नाहीत. RAMESH गळलं म्हणून सहसा विमान चुकत नाही, तरी दुरुस्ती करतोच आहोत तर तेही घालून घ्यावं. MRS नावाला चिकटून SAVITAMRS असं दिसलं तरी घाबरू नये, ती छपाईची रीत आहे. V मात्र बदलायलाच हवा. काउंटरवर पासपोर्ट यंत्राखाली धरला की खालच्या दोन ओळी वाचल्या जातात, आणि त्यात W आहे.

विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट काढलं असेल आणि चूक २४ तासांच्या आत कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावातली दुरुस्ती विनाशुल्क करून द्यावी, असा भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. म्हणून तिकीट हाती पडताच पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावं. एजंटाकडून किंवा पोर्टलवरून घेतलेलं असेल, तर कंपनी बहुधा त्यांच्याकडेच परत पाठवते. तिथे फोनवर न बोलता पीएनआर, पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि ‘चुकीचं’ व ‘बरोबर’ अशी दोन्ही नावं ईमेलने पाठवावीत. एक-दोन अक्षरं सहसा बदलून मिळतात. आडनावच वेगळं असेल, म्हणजे पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या, तर कंपनी त्याला दुसरा प्रवासी समजू शकते. मग कागदपत्रं मागतात, नाहीतर तिकीट रद्द करून नवं काढावं लागतं. दुरुस्ती होईपर्यंत वेब चेक-इन करू नये, ते आधी मागे घ्यावं लागतं.

खरी गोची दोन कंपन्यांच्या जोडविमानांत होते. पहिल्या कंपनीकडे W येतो, दुसरीकडे V तसाच राहतो, आणि ते कळतं मधल्या विमानतळावर. त्यामुळे ‘झालं’ असा निरोप आला तरी नवं ई-तिकीट मागून घ्या, दुसऱ्या कंपनीचा पीएनआर विचारा आणि तिच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडून नाव स्वतः वाचा. व्हिसाही त्याच वेळी तपासा. त्यावरचं चुकलेलं नाव विमान कंपनीला बदलता येत नाही.