चार्ज देताना काय लिहून ठेवायचं?

महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. बांधकामावरच्या इंजिनिअरसाठी ही वेळ अगदी अडचणीची. जूनमध्ये नाल्याला पाणी येण्याआधी पुलाचे पाये वर काढायचे असतात आणि नेमका तेव्हाच माणूस बदलतो. कार्यभार हस्तांतरणाच्या छापील कागदावर तारीख, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर आणि दोन सह्या एवढंच असतं. कामाची खरी हकीकत जाणाऱ्याने वेगळी टिपण लिहून द्यावी लागते.

उदाहरणादाखल ग्रामीण रस्त्यावरचा एक लहान पूल घेऊ. शाखा अभियंता 31 मे रोजी चार्ज देणार आहे. उजव्या काठच्या अबटमेंटचा पाया खणताना नकाशात दाखवलेल्या पातळीला खडक लागला नाही, तो 1.2 मीटर खाली लागला. पाया 9 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 32 घनमीटर काँक्रीट जास्तीचं गेलं. त्याची मंजुरी अजून यायची आहे.

‘जादा कामाची मंजुरी प्रलंबित’ एवढंच टिपणीत लिहिलं, तर नव्या माणसाला काहीच कळत नाही. उपयोगी नोंद अशी असते: ‘जादा खोलीचा प्रस्ताव 12 मे रोजी उपविभागातून विभागीय कार्यालयात गेला. खडकाच्या पातळीचा पुरावा मागून तो 22 मे रोजी परत आला. लेव्हल बुकची नक्कल आणि खड्ड्याचे फोटो जोडून 5 जूनपर्यंत पुन्हा पाठवायचा आहे. मोजमाप पुस्तकात नोंद झाली आहे, बिलात रक्कम घेतलेली नाही.’ कागद कुठे आहे, कशासाठी अडला आहे आणि पुढची पायरी कोणाची, हे चार वाक्यांत कळलं. मोजमापाचा उल्लेख यात सर्वांत महत्त्वाचा, कारण पाया भरून बाजूने माती लोटली की ती खोली पुन्हा मोजता येत नाही. अशी झाकली जाणारी मोजमापं राहिली असतील, तर ती चार्ज देण्याआधीच घ्यावीत.

बदली झाली म्हणून काही तारखा थांबत नाहीत. याच पायाचं एम-30 काँक्रीट 10 मे रोजी ओतलं असेल, तर त्याच्या क्यूबची 28 दिवसांची चाचणी 7 जूनला येते, म्हणजे नव्या माणसाच्या काळात. सात दिवसांनी ताकद साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास दिसायला हवी. ती 16 च आली असेल, तर तो आकडा टिपणीत ठळक लिहायचा आणि सोबत सांगायचं की 28 दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत त्यावर पुढचं काँक्रीट चढवू नका. नाहीतर निकाल कमी आल्याचं कळेपर्यंत भिंत उभी राहिलेली असते.

दुसरी तारीख ठेकेदाराच्या बँक गॅरंटीची. ती 30 जूनला संपत असेल आणि काम लांबणार असेल, तर मुदतवाढ आधीच घ्यावी लागते. ठेकेदार टाळाटाळ करू लागला, तर मुदत संपण्यापूर्वी थेट बँकेकडे लेखी मागणी करावी लागते. दावा करण्याची मुदत उलटली की तो कागद फायलीत असून नसून सारखाच. म्हणून गॅरंटीचा क्रमांक, बँकेची शाखा, रक्कम, शेवटची तारीख आणि मूळ प्रत कोणाच्या ताब्यात आहे, हे सगळं टिपणीत हवं.

संपर्कांच्या यादीत साहेबांची नावं सहसा असतातच. खरी गरज इतरांची पडते. वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधी कळवणारा पाटबंधारे शाखेतला माणूस, खांब हलवण्याची फाईल बघणारा वीज कंपनीचा कर्मचारी, क्यूब स्वीकारणारा प्रयोगशाळेतला सहायक. प्रत्येकाच्या नावापुढे पद आणि कार्यालयाचा नंबर लिहावा, कारण त्यांच्याही बदल्या होतात. आणि कोणाला कशासाठी फोन करायचा, तेही लिहावं.

सर्वांत जास्त गोंधळ तोंडी शब्दांवरून होतो. वळणरस्त्यासाठी शेत देणाऱ्या शेतकऱ्याला ‘पेरणीआधी बांध घालून देतो’ असं सांगितलेलं असतं. ठेकेदाराला ‘खोली वाढली तरी काम चालू ठेवा, मंजुरी आणतो’ असं म्हटलेलं असतं. हे शब्द कोणत्याच फायलीत नसतात. नव्या माणसाला ते बांधतात की नाही, हे वरिष्ठ ठरवतील, पण ते दिले गेले होते हे त्याला आपल्याकडून कळायला हवं. नाहीतर पेरणीच्या दिवशी शेतकरी रस्ता अडवतो आणि ठेकेदार सांगेल तेच खरं मानून चालावं लागतं.