बिटकॉइनपेक्षा वेगात कोण?

2023 साली इथर घेऊन बसलेला माणूस वर्षअखेरीस खुशीत होता. जानेवारीत साधारण 1,200 डॉलरचा इथर डिसेंबरअखेर 2,280च्या आसपास पोचला होता, म्हणजे जवळपास दुप्पट. पण त्याच काळात बिटकॉइन 16,500 डॉलरवरून 42,000च्या पुढे गेला. इथरची किंमत डॉलरऐवजी बिटकॉइनमध्ये मोजली, तर ती वर्षभरात पाव हिस्सा घटली होती. दुसरं काहीच न करता नुसता बिटकॉइन ठेवणारा त्याच्या पुढे होता.

क्रिप्टोच्या बाजारात बिटकॉइन चढला की बहुतेक कॉइन त्याच्या मागोमाग चढतात. त्यामुळे डॉलरमधला भाव पाहून कोणत्या कॉइनमध्ये स्वतःचा दम आहे, हे कळत नाही. साप्ताहिक स्कॅनर त्यासाठीच असतो. कॉइनचा भाव भागिले बिटकॉइनचा भाव, हे गुणोत्तर तो शेकडो कॉइनसाठी काढतो आणि ते 1, 4, 13 आणि 26 आठवड्यांपूर्वीच्या गुणोत्तराशी ताडून पाहतो. कल्पना शेअर बाजारातली आहे. रॉबर्ट लेव्ही यांनी 1967 मध्येच न्यूयॉर्कच्या 200 शेअरची अशी क्रमवारी 26 आठवड्यांच्या सरासरीवरून लावली होती.

चारही मुदतींच्या टक्केवारीची थेट बेरीज करून मात्र चालत नाही. एखादा छोटा कॉइन आठवड्यात तिप्पट झाला, की तो एकच आकडा बाकी तिन्ही मुदतींना गिळून टाकतो. म्हणून प्रत्येक मुदतीत आधी सगळ्या कॉइनना सीईटीच्या निकालासारखं पर्सेंटाइल द्यायचं आणि मग त्याची सरासरी काढायची. आठवडा संपतो तो जागतिक प्रमाणवेळेनुसार रविवारी मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. मोजणी त्यानंतरच करायची, नाहीतर अर्धवट आठवडा हिशेबात येतो.

खरी माहिती मिळते ती सरासरीतून नव्हे, तर चार मुदतींचं आपसात जुळतं की नाही यातून. सोलानाचं 2023 हे वर्ष त्याचा उत्तम नमुना आहे. एफटीएक्स बुडाल्यावर दहा डॉलरच्या आसपास आलेला सोलाना जानेवारीच्या मध्यापर्यंत 23 डॉलरच्या घरात गेला. चार आठवड्यांच्या मोजणीत तो बिटकॉइनच्या कितीतरी पुढे होता. 26 आठवड्यांच्या मोजणीत मात्र अजून खूप मागे होता. ही उसळी टिकली नाही. जूनमध्ये अमेरिकेच्या एसईसीने बायनान्स आणि कॉइनबेसवर खटले भरले, त्यांत सोलानाचं नाव आलं आणि त्याचं बिटकॉइनशी असलेलं गुणोत्तर पुन्हा वर्षारंभीच्या पातळीजवळ जाऊन बसलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलाना 40 डॉलरच्या आसपास होता आणि बिटकॉइन सुमारे 35,000ला. या वेळी 1, 4, 13 आणि 26 अशा चारही मुदतींत सोलाना पुढे होता. वर्ष संपताना तो शंभरीला पोचला. गुणोत्तर नोव्हेंबरपासून दुप्पट आणि जानेवारीपासून जवळपास चौपट झालं होतं. तळाचा भाव पकडण्याची संधी या पद्धतीत हुकतेच. त्या बदल्यात जानेवारीसारख्या बऱ्याचशा फसव्या उसळ्या गाळल्या जातात, आणि हा सौदा वाईट नाही.

पण चारही मुदती जुळल्या म्हणजे कॉइन भक्कम आहे, असं मुळीच नाही. एप्रिल 2022च्या सुरुवातीला टेराचा लुना चारही मुदतींत बिटकॉइनच्या पुढे होता, भाव शंभर डॉलरच्या वर. मे महिन्यात काही दिवसांत तो एका सेंटच्याही खाली गेला. स्कॅनरला भाव दिसतो. त्या भावामागे यूएसटी नावाच्या, डॉलरशी बांधलेल्या कॉइनचा डोलारा उभा आहे, हे दिसत नाही. शिवाय तो आठवड्यातून एकदाच पाहतो.

लुनाने आणखी एक खोड दाखवली. पडझडीनंतर नवी साखळी आली, तिला LUNA हे नाव मिळालं आणि जुन्या कॉइनला LUNC. नुसत्या नावावरून जुना-नवा भाव जोडणारा स्कॅनर दोन वेगळ्या वस्तूंची एकच रेघ काढतो. म्हणून कुठल्याही कॉइनचा आकडा अचानक हजारपट फिरला, की आधी तपासावं ते नाव. यादीतून डॉलरशी बांधलेले कॉइनही काढावे लागतात. ते राहिले, तर बिटकॉइन घसरण्याच्या प्रत्येक आठवड्यात तेच वरच्या क्रमांकांवर चढतात. पद्धत जुन्या काळावर तपासून पाहताना मात्र बंद पडलेले कॉइन यादीत ठेवलेच पाहिजेत, नाहीतर निकाल खोटा गोड येतो.

भारतात राहणाऱ्याला एक हिशेब वेगळा करावा लागतो. एक कॉइन देऊन दुसरा घेणं हीसुद्धा कायद्याने विक्रीच आहे. नफ्यावर 30 टक्के कर, जुलै 2022पासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. दर सोमवारी यादी बदलली म्हणून दर सोमवारी कॉइन बदलणाऱ्याची टीडीएसमध्ये अडकलेली रक्कमच वाढत जाते. म्हणून इथे यादी आठवड्याला पाहिली, तरी कॉइन बदलायचा तो बऱ्याच आठवड्यांतून एखाद्या वेळी, आणि तोही वरच्या क्रमांकावरून पार खाली घसरल्यावर.