कंत्राटदाराचे परिचयपत्रक कसे वाचावे

बीडहून दक्षिणेस घाट चढून गेले की मांजरसुंब्याचा चौक लागतो. धुळे-सोलापूर महामार्ग येथून जातो, आणि पूर्वेस केज-अंबाजोगाईकडे व पश्चिमेस पाटोद्याकडे जाणारे रस्तेही येथेच फुटतात. जेथे रस्ते मिळतात तेथे बांधकामाचे कंत्राटदारही असणारच. खडी, मुरूम, ट्रॅक्टर आणि मजूर यांची जुळवाजुळव करून मोऱ्या, गटारे, शाळाखोल्या, संरक्षक भिंती आणि नळयोजनांचे चर अशी कामे घेणारी ही मंडळी असतात. अशा कंत्राटदाराला मोठे काम हवे झाले म्हणजे तो आपले परिचयपत्रक छापतो. त्यालाच आजकाल 'कंपनी प्रोफाइल' म्हणतात. ग्रामपंचायतीचे सदस्य, शाळेच्या संस्थेचे विश्वस्त किंवा स्वतःचे घर बांधणारा गृहस्थ यांच्या हाती हे पत्रक पडते आणि त्यावरून लाखो रुपयांचा निर्णय होतो. त्यात काय पाहावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

पहिली गोष्ट केलेल्या कामांची यादी. 'राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण' अशी एक ओळ या भागातील पत्रकांत सहज येऊ शकते. ती खोटी असेलच असे नाही. येडशीपासून औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, १८९ किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला आणि तो मांजरसुंब्यावरून गेला. एवढे अवाढव्य काम मुख्य कंपनी घेते आणि त्याचे तुकडे पोटकंत्राटाने वाटते. एखाद्याच्या वाट्याला, समजा, दोन नळकांडी मोऱ्या आणि सहाशे मीटर गटार आले. त्याने 'महामार्ग केला' असे लिहिले तर ते असत्य नाही, पण सत्यही नाही. खरी नोंद निराळी दिसते. तीत रस्त्याचे नाव असते, क्रमांक असतो (हा रस्ता पूर्वी २११ होता, आता ५२ आहे, जुन्या दाखल्यावर जुनाच आकडा सापडेल), कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत काम केले ते असते, त्यात आपला भाग कोणता, तो कोणी दिला, केव्हा सुरू झाला, केव्हा संपला आणि त्याचे बिल किती झाले हेही असते. एवढे कळले की माणूस दुचाकीवर बसून ती मोरी पाहून येऊ शकतो. ज्या ओळीवरून जागा सापडत नाही, ती ओळ आम्ही तरी यादीत मोजणार नाही.

कामाचा प्रकारही महत्त्वाचा. माळावर मुरूम किंवा काळा दगड लवकर लागतो. सखल भागात मात्र काळी माती खोलवर असते. ही माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच थांबवला तर इमारत वरखाली ओढली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात. म्हणून 'शाळाखोल्या बांधल्या' एवढे पुरेसे नाही. जमीन कोणती होती आणि पाया कितव्या फुटावर मुरमात टेकला, ते लिहिलेले असावे. या चिरा उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाहीत. एकदोन पावसाळे आणि उन्हाळे गेले की दिसतात. यामुळे काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याहून दुसरा एक कागद आम्हांला अधिक बोलका वाटतो. काम संपल्यावर दोषदायित्वाची जी मुदत असते, तिच्यात कंत्राटदाराची काही रक्कम मालकाकडे अडकलेली असते. ती पूर्ण परत मिळाल्याचे पत्र ज्याच्याजवळ आहे, त्याचे काम मुदतभर टिकले असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट सुरक्षितता. 'सुरक्षिततेला आमचे प्राधान्य' हे वाक्य छापायला शाईखेरीज काही लागत नाही. नळाच्या चराचे उदाहरण घेऊ. काळ्या मातीत कोरड्या दिवसांत खणलेला चर भिंतीसारखा सरळ उभा राहतो आणि माणूस फसतो. आतल्या भेगांत पाणी शिरले की तीच भिंत एकदम खाली येते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास असते. कमरेपर्यंत गाडला गेलेला मजूरही स्वतःच्या बळावर निघू शकत नाही. सरकारी कामांच्या सुरक्षा नियमांत याची तरतूद आहे. दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्यावा किंवा पायऱ्या काढाव्यात, नाहीतर फळ्या-वाशांचा आधार द्यावा. उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांत जे अधिक असेल तेवढी दूर टाकावी. म्हणजे दोन मीटर खोल चराला दीड मीटर पुरे. चार मीटर खोल असेल तर दोन मीटर हवे. शिवाय चरात शिडी असावी आणि ती काठाच्या वर मीटरभर यावी.

चांगल्या पत्रकात हेच साधेपणाने सांगितलेले असते: आम्ही इतक्या खोलीनंतर आधार देतो, माती इतक्या अंतरावर टाकतो, पावसानंतर चरात उतरण्यापूर्वी मुकादम काठ तपासतो. काठाला समांतर भेग दिसली किंवा ढेकळे सुटू लागली की मजूर वर घेतात. हे खरे की खोटे, हे चालू असलेल्या कामावर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. माती काठाला टेकलेली असेल आणि शिडीचा पत्ता नसेल, तर छापील वाक्य मिटवून टाकावे. 'आजवर एकही अपघात नाही' हेही एकट्याने काही सांगत नाही. किती मजूर किती दिवस राबले ते सोबत असेल तरच त्या शून्याला अर्थ येतो. दहा जणांनी दोन महिने केलेल्या कामात शून्य असणे ही फारशी मोठी गोष्ट नव्हे.

तिसरी गोष्ट आवाक्याची, आणि येथेच मोह अधिक असतो. सरकारी निविदांत कंत्राटदाराची क्षमता मोजण्याचा एक हिशेब आहे. मागील पाच वर्षांपैकी ज्या वर्षी सर्वांत जास्त काम झाले त्याची रक्कम आजच्या भावाने धरायची, तिला नव्या कामाच्या मुदतीच्या वर्षांनी गुणायचे, मग दोनने गुणायचे (काही खाती अडीचने गुणतात), आणि त्या मुदतीत हातातली जी कामे पुरी करायची आहेत त्यांची रक्कम वजा करायची. आमच्या कल्पनेतील कंत्राटदाराने उत्तम वर्षात १ कोटी ६० लाखांचे काम केले आहे. नवे काम एक वर्षाचे. दुप्पट झाले ३ कोटी २० लाख. हातात १ कोटी ४० लाखांची कामे आहेत, ती वजा जाता १ कोटी ८० लाख उरतात. अडीच कोटींचे काम त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

यात फसवणूक दोन ठिकाणी होते. पोटकंत्राटातील मुख्य कंपनीचा आकडा आपला म्हणून धरला की पहिली रक्कम फुगते, आणि हातातली कामे दडवली की वजाबाकी लहान होते. पहिले पकडायला सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली वार्षिक उलाढाल मागावी. यादीतील कामांची बेरीज तिच्याहून मोठी असेल तर प्रश्न विचारावा. दुसरे पकडायला चालू कामांच्या जागी जाऊन यावे. यंत्र एकच आणि कामे तीन गावांत, असे दिसले की आपल्या कामाला खाडा पडणार हे समजावे.

लहान आकडा लिहिला तर काम मिळणार नाही, ही भीती खोटी नाही. काही निविदा त्यामुळे खरोखरच हातच्या जातात. तरी जवळचेच एक उदाहरण पाहा. वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव फाटक या पूर्वी कारकुनी केलेल्या गृहस्थाबरोबर भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटे घेतली. त्यांचे आरंभीचे काम बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे, म्हणजे आपल्या शेजारच्याच मुलखातले, होते. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली ती १९२६ साली, आणि बोगदे, पूल, धरणे ही कामे त्यानंतरची. लहान रेल्वेच्या तुकड्यापासून तेथवर यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला.

म्हणून मांजरसुंब्याच्या कंत्राटदाराने पत्रकाच्या शेवटी चार ओळी अशाही लिहाव्यात: आजवरचे सर्वांत मोठे एकट्याने केलेले काम इतक्या रकमेचे; सध्या हातात इतकी कामे; पुलाच्या खांबांचे किंवा खोल खोदाईत सुरुंगाचे काम आम्ही केलेले नाही; जुन्या कामांपैकी कोणतेही निवडा, आम्ही बरोबर येऊन दाखवू. विश्वस्तांनी त्यांतले सर्वांत जुने काम निवडावे आणि पावसाळा संपल्यावर पाहायला जावे.