उठताच डोळ्यांपुढे अंधारी

उभे राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मानेतल्या धमनीजवळचे मज्जातंतू हे लगेच हेरतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी वाढते. जुलाबाने किंवा उन्हाने शरीरातले पाणी घटलेल्या तरुणाला भोवळ येते, तेव्हाही नाडी धावतच असते.

पंचाहत्तरीच्या आजोबांचे उदाहरण घ्या. आडवे असताना वरचा दाब १५०, उभे राहिल्यावर तीन मिनिटांत ११८. वीसची घसरणही निदानाला पुरते. पण नाडी ७२ वरून जेमतेम ७६! बीटा ब्लॉकरसारखी नाडी रोखणारी गोळी चालू नसेल, तर संशय मज्जातंतूंवर जातो: जुना मधुमेह, पार्किन्सन. त्यात प्रोस्टेटची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. दवाखान्यात नुसते बसवून दाब मोजला, तर यातले बरेचसे निसटते.