वास थांबला, की धोका वाढला

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. विहीर वापरात नव्हती. शेणाचा रबडा साठवून तिचा बायोगॅसचा खड्डा झाला होता. मांजर काढायला एक जण उतरला आणि वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. असे पाच जण गेले. सहावा उतरला तो कमरेला दोरी बांधून. लोकांनी त्याला ओढून काढले आणि तो वाचला.

गटाराच्या मेनहोलमध्ये, सोसायटीच्या शौचटाकीत नेमके हेच घडते. बातमीत ‘गुदमरून मृत्यू’ असे छापून येते, पण गुदमरणारा माणूस धडपडतो, ओरडतो. इथे बहुतेकदा तेवढीही सवड मिळत नाही.

हवा न लागता मैला कुजू लागला, की त्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हवेच्या दहा लाख भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो, म्हणून ‘वास आला की बाहेर पडू’ असा भरवसा वाटतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले, की काही मिनिटांत नाकच बधिर होते. वास थांबतो आणि माणसाला वाटते, हवा सुटली. पाचशे-सातशेच्या पुढे मेंदूतले श्वासाचे केंद्र बंद पडू लागते. हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

हा वायू गाळात विरघळून दबा धरून असतो. सोड्याची बाटली हलवावी तसा तो पाय पडताच किंवा फावडे लागताच उसळतो. झाकण उघडले तेव्हा ठीक वाटलेली टाकी पाच मिनिटांनी जीव घेते, ती यामुळे. जोडीला मिथेन असतो. त्याला वास नाही, पण तो पेट घेतो आणि प्राणवायूला हुसकावतो. आत पेटता दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत म्हणूनच दुहेरी फसवी आहे: दिवा तेवत राहिला तरी विषारी वायू असू शकतो, आणि मिथेन असला तर भडका उडतो.

मग तपासायचे कसे? चार वायू मोजणारा हातातला मीटर त्यासाठीच आहे. त्याची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून प्रत्येक ठिकाणी थांबायचे, कारण हवा नळीतून वर यायला वेळ लागतो. आधी प्राणवायू पाहायचा. तो कमी असेल तर ज्वलनशील वायूचा आकडाही चुकू शकतो. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड दहाच्या वर दिसला, तर उतरायचे नाही. पुढची-मागची झाकणे उघडून ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडायची, पण ब्लोअर गाडीच्या धुराड्यापासून लांब ठेवायचा. मग पुन्हा मोजणी. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालू हवा आणि मीटर त्याच्या छातीशी हवा. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधणे म्हणजे निव्वळ समाधान. प्राणवायूच नसेल तर गाळणारा मास्क गाळणार काय? तिथे बाहेरून हवा पुरवणारा मुखवटाच लागतो.

वाकडीत कमरेच्या दोरीने जीव वाचला, पण कामासाठी तेवढी दोरी पुरत नाही. बेशुद्ध माणूस कमरेत दुमडतो आणि मेनहोलच्या दोन फुटी तोंडात अडकतो. खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा पट्टा असला, की तो उभाच वर येतो. वर तिकाटणे, त्याला हाताने फिरवायचा रहाट आणि दोन माणसे हवीत. त्या दोघांनी काहीही झाले तरी आत उतरायचे नाही. हाक मारून उत्तर आले नाही की रहाट फिरवायचा. सगळ्यात अवघड हेच, कारण खाली आपला भाऊ किंवा जोडीदार असतो.

घरगुती टाकीसाठी मात्र यातल्या कशाचीही गरज पडू नये. सक्शन गाडीचा पाइप वरून आत जातो, माणसाला उतरावे लागत नाही. २०१३च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय गटार वा शौचटाकी साफ करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ‘ठेकेदाराने माणूस पाठवला होता, आम्हाला काय ठाऊक’ ही सोसायट्यांची नेहमीची सबब.

तेव्हा पुढच्या वेळी टाकी साफ करायला कोणी नुसती बादली आणि दोर घेऊन आला, तर त्याला उतरू देऊ नका, सक्शन गाडी मागवा. आणि कोणी आत कोसळलाच, तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला १०१वर फोन करा.