लघवीच्या पट्टीचा फोटो : रंग कसा जुळवायचा आणि कधी पुन्हा तपासायचे

लघवी तपासायची रंगीत चौकोनांची पट्टी आता मेडिकलमध्ये मिळते. तिचा फोटो काढून आशाताईंना किंवा नर्सताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, आणि "ताई, बघा ना, प्रोटीन दिसतंय का?" असे विचारायचे, ही पद्धतही पडत चालली आहे. काशीदहून मुरूडला नाहीतर अलिबागला जायचे म्हणजे दिवस मोडतो, म्हणून फोटो सोयीचा वाटतो. पण फोटोतला रंग फसवतो, आणि गरोदर बाईच्या बाबतीत ही फसगत महागात पडते. म्हणून इथे मुख्यतः प्रोटीनच्या चौकोनाबद्दलच लिहिते.

हा चौकोन कोरडा असताना पिवळा असतो. लघवीत प्रोटीन असेल तर तो पोपटी, मग हिरवा आणि जास्त असेल तर निळसर हिरवा होतो. बाटलीवरच्या रंगतक्त्यावर निगेटिव्ह, ट्रेस, १+, २+ अशा पायऱ्या असतात. ट्रेस आणि १+ या दोन रंगांत फरक अगदी थोडा असतो. गोंधळ होतो तो इथेच.

समजा, सात महिन्यांची गरोदर वहिनी आहे. नणंदेने संध्याकाळी पट्टी बुडवली, मग चहा टाकला आणि पाच-सात मिनिटांनी पिवळ्या बल्बखाली नुसत्या पट्टीचा फोटो काढून पाठवला. चौकोन हिरवट दिसतो. हा ट्रेस की १+? खरे सांगायचे तर या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही. बल्बचा पिवळेपणा रंगात मिसळला आहे, आणि वेळ उलटून गेल्यावर चौकोन आपोआप गडद होत जातात. फोटोत शेजारी तक्ता नाही, त्यामुळे ताई आपल्याकडच्या तक्त्याशी जुळवणार. तो दुसऱ्या कंपनीचा असला तर रंगही वेगळे आणि चौकोनांचा क्रमही वेगळा.

आता तीच तपासणी नीट करू. सकाळची पहिली लघवी घ्यायची. अंगावरून पांढरे जात असेल तर ते मिसळून प्रोटीन खोटेच दिसू शकते, म्हणून जागा धुवायची, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची आणि मधली स्वच्छ भांड्यात धरायची. पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेवर निथळून आडवी धरायची. उभी धरली तर एका चौकोनाचे पाणी शेजारच्यात उतरते. घड्याळ लावायचे. प्रोटीनला बहुतेक पट्ट्यांत ६० सेकंद असतात, पण आपल्या बाटलीवर लिहिलेली वेळच खरी. ओटीवर, दिवसाच्या उजेडात पण उन्हात नाही, बाटलीचा तक्ता आणि पट्टी शेजारी ठेवून एकाच फोटोत घ्यायची. फिल्टर नको, फ्लॅश नको, निळ्या ताडपत्रीखाली तर मुळीच नको. आणि आधी आपल्या डोळ्यांनी जुळवून "मला १+ वाटतं, एका मिनिटाला पाहिलं" असे सोबत लिहायचे. फोटोपेक्षा डोळ्यांवर भरवसा जास्त.

वहिनीचे या वेळीही १+ आले तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्यायचे आणि लघवी प्रयोगशाळेत द्यायची. तिथे प्रोटीन नेमके मोजतात. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आणि सोबत प्रोटीन, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या गंभीर आजाराची शंका. २+ दिसले, किंवा डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात वरच्या बाजूला दुखते, तोंडावर सूज आहे, तर दुसऱ्या पट्टीची वाट बघायची नाही. थेट दवाखान्यात, गाडी नसेल तर १०८. चौकोन पिवळाच राहिला पण बीपी वाढलेले असले, तरीही जायचेच. लघवी पातळ असली की प्रोटीन पट्टीला चुकते.

बाकीच्या चौकोनांचे थोडक्यात. साखर दिसली म्हणून मधुमेह ठरत नाही, गरोदरपणी लघवीत साखर तशीही उतरू शकते. रक्ताचीच तपासणी हवी. रक्ताचा चौकोन पाळीच्या दिवसांत वाचूच नये. पाळी नसताना रक्त दाखवले तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे. नायट्राइट गुलाबी झाला तर जंतूंची शंका, पण गोळ्या सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर द्यावे, गरोदर असाल तर नक्कीच. कीटोन नवरात्राच्या उपासातही दिसतात. मात्र मधुमेह असताना किंवा उलट्या थांबत नसताना ते गडद दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना.

आपल्या किनाऱ्यावरची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. समुद्राच्या दमट हवेत झाकण उघडे राहिले की पट्ट्या बिघडतात, आणि जंतू नसतानाही नायट्राइट गुलाबी होऊ शकतो. बाटलीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. कोरड्या पट्टीचेच रंग तक्त्यावरच्या निगेटिव्ह रंगांपेक्षा वेगळे दिसले, तर ती बाटली वापरू नका. गरोदर बहिणींसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. बीपी आणि लघवी दोन्ही तिथे एकाच फेरीत होतात.